टोमॅटो निर्दोष, तर पुडी दोषी कशी?

आमच्या वसाहतीच्या सभागृहात मध्यंतरी आहारावर एक व्याख्यान झालं. वक्त्यांनी एका हातात लालबुंद टोमॅटो धरला आणि दुसऱ्या हातात पांढऱ्या स्फटिकांची पुडी. ग्लुटामेट दोन्हींत असतं हे त्यांनी आधीच मान्य केलं. मग ते म्हणाले, "टोमॅटोतलं ग्लुटामेट निसर्गाचं आहे, प्रथिनांत बांधलेलं आहे, शरीर ते हळूहळू घेतं. हे पुडीतलं कारखान्यातलं आहे, मोकळं आहे, ते सरळ मेंदूवर जातं." सभागृहाने माना डोलावल्या. माझ्या शेजारी माझी भाची बसली होती. गेली दोन वर्षं तिचं अर्धं डोकं दुखतं. ती वाकून माझ्या कानात म्हणाली, "मावशी, म्हणजे माझं दुखणं त्या चायनीजमुळेच ना?"

मी तीस वर्षं महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं आहे. वक्त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्यांचं जवळजवळ प्रत्येक विधान तपासून बघता येतं, आणि तपासलं की टिकत नाही. ते टिकत नाही हे सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण असल्याच समजुतीवर विसंबून माझी भाची दोन वर्षं डॉक्टरकडे गेली नव्हती.

'बांधलेलं' या शब्दापासूनच सुरुवात करते. ग्लुटामिक आम्ल हे एक अमिनो आम्ल आहे. प्रथिन म्हणजे अशा अमिनो आम्लांची लांब माळ. डाळीत, गव्हात, दुधात, मांसात ग्लुटामिक आम्ल भरपूर असतं, पण त्यातलं बहुतेक माळेत ओवलेलं असतं. ओवलेल्या मण्याची चव जिभेला कळत नाही. मणी सुटा असेल तरच जिभेवरचे ग्राही त्याला ओळखतात आणि आपल्याला ती भरीव, तोंडात रेंगाळणारी चव जाणवते. जपानी लोक तिला 'उमामी' म्हणतात. बांधलेलं आणि मुक्त हा फरक खराच आहे, आणि वक्त्यांनी हातात मुगाची मूठ धरली असती तर त्यांच्या वाक्याचा निदान तेवढा भाग बरोबर ठरला असता.

त्यांनी टोमॅटो धरला. टोमॅटोत प्रथिन जेमतेम एक टक्का. त्याची चव ज्यावर उभी आहे ते ग्लुटामेट मुक्त आहे, फळाच्या रसात विरघळलेलं आहे. पिकलेल्या टोमॅटोच्या १०० ग्रॅममध्ये ते साधारण १५० ते २५० मिलिग्रॅम भरतं. हिरव्या टोमॅटोत फारच कमी असतं आणि फळ लाल होत जाईल तसं ते कित्येक पटींनी वाढतं. स्वयंपाक करणाऱ्याला हे आकड्यांशिवायही माहीत असतं. हिरवा टोमॅटो आमटीत टाकला तर नुसता आंबटपणा येतो, पिकलेला टाकला तर आमटीला अंग येतं. फळातही ते सगळीकडे सारखं नसतं. बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात बाहेरच्या मांसल भागापेक्षा कितीतरी जास्त असतं. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात २००७ साली हे मोजून दाखवलं गेलं. बिया काढून केलेली चटणी फिकी का लागते, याचं उत्तर बरंचसं तिथे आहे.

म्हणजे 'मुक्त ग्लुटामेट वाईट' हे खरं मानायचं असेल, तर आरोपीच्या पिंजऱ्यात टोमॅटोलाही उभं करावं लागेल.

या पुडीचा जन्मही टोमॅटोपासून फार लांब झालेला नाही. टोकियोच्या साम्राज्य विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांना प्रश्न पडला होता की कोम्बू या समुद्री शेवाळाच्या पाण्याला जी चव येते ती गोड, आंबट, खारट, कडू यांपैकी कशातच का बसत नाही. १९०८ मध्ये त्यांनी त्या पाण्यातून ग्लुटामिक आम्ल वेगळं काढलं. हीच चव टोमॅटो, चीज आणि मांस यांच्या चवीतही लपलेली आहे, असं त्यांनी स्वतःच नोंदवलं आहे. मग त्यांना ते घरोघरी वापरता येईल अशा रूपात हवं होतं. शुद्ध ग्लुटामिक आम्ल आंबटसर असतं आणि पाण्यात नीट विरघळत नाही. त्यांनी त्याचे वेगवेगळे क्षार करून पाहिले. सोडियमचा क्षार चवीला चांगला होता, सहज विरघळत होता आणि हवेत पाणी धरून चिकट होत नव्हता. तोच मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०९ पासून तो अजिनोमोटो या नावाने विकला जाऊ लागला. ते एका कंपनीचं नाव आहे. आपण ते पदार्थाचंच नाव करून टाकलं, जसं वनस्पती तुपाचं डालडा झालं.

हा क्षार पाण्यात पडला की सोडियम एकीकडे आणि ग्लुटामेट दुसरीकडे होतं. सुटं झालेलं ते ग्लुटामेट आणि टोमॅटोच्या रसातलं ग्लुटामेट यांत अणूंची संख्या तीच, जोडणी तीच, आणि डावा हात-उजवा हात असा जो फरक काही रेणूंत असतो तोही नाही, कारण दोन्ही एकाच 'एल' घडणीचे. टोमॅटोच्या रसात ग्लुटामेटच्या सोबतीला प्रामुख्याने पोटॅशियम असतं, पुडीत सोडियम असतं. दोन्ही जठरातल्या आम्लात पोहोचले की ग्लुटामेट तिथला हायड्रोजन उचलून पुन्हा ग्लुटामिक आम्ल बनतं. जठराच्या पुढे जाणाऱ्या त्या रेणूवर तो बागेतून आला की बरणीतून, याची कुठलीच खूण उरत नाही.

हा सारखेपणा आकड्यांतही पाहू. आपल्या घरी चार जणांसाठी टोमॅटोचं सार करायला किलोभर टोमॅटो लागतात असं धरू. त्यात कमीत कमी दीड ग्रॅम मुक्त ग्लुटामेट असतं, टोमॅटो चांगले पिकलेले असतील तर दोन ग्रॅमच्याही वर. उकळल्याने ते नाहीसं होत नाही. प्रत्येकाच्या वाटीत साधारण ४०० मिलिग्रॅम आलं. आता पुडीकडे येऊ. मोनोसोडियम ग्लुटामेटच्या वजनात ग्लुटामेटचा वाटा सुमारे ७८ टक्के असतो. म्हणजे ४०० मिलिग्रॅमसाठी अर्धा ग्रॅम स्फटिक पुरतात, चहाच्या चमच्याचा साधारण आठवा भाग. गाडीवरच्या नूडल्सच्या एका प्लेटमध्ये जपून टाकलेली चिमूट एवढीच असते, हात सैल असेल तर तिप्पट-चौपट. एक वाटी सार आणि एक बेताची चिमूट, ग्लुटामेटच्या हिशेबात बरोबरीत आहेत. सार पिऊन कुणाची मान बधिर झाल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

'कारखान्यातलं' या शब्दाने लोक सर्वांत जास्त दचकतात, म्हणून तो कारखाना कसा चालतो तेही सांगते. सुरुवातीची काही दशकं हा पदार्थ गव्हाच्या चिकट प्रथिनाला आम्लात शिजवून काढत. १९५६-५७ च्या सुमारास जपानमध्ये किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मातीतला एक जीवाणू सापडला, जो साखरेवर वाढतो आणि ग्लुटामिक आम्ल स्वतःच्या पेशीबाहेर टाकतो. आज बहुतेक उत्पादन त्याच्यावर चालतं. उसाची मळी किंवा स्टार्चपासून केलेली साखर मोठ्या टाक्यांत भरायची, जीवाणू सोडायचा, हवा खेळवायची, आणि त्याला बायोटिन हे जीवनसत्त्व मुद्दाम तोटकं द्यायचं, म्हणजे त्याच्या पेशीचं आवरण ग्लुटामिक आम्ल बाहेर सोडत राहतं. मग द्रावण आम्लधर्मी करून ते आम्ल खाली बसवायचं, कॉस्टिक सोड्याने त्याचा क्षार करायचा, कोळशातून गाळून रंग काढायचा आणि स्फटिक जमवायचे. सजीव पेशीच्या विकरांनी घडवलेला रेणू असल्यामुळे तो 'एल' घडणीचाच निघतो. दही आणि शिरका ज्या जातीच्या प्रक्रियेतून येतात, तिचंच हे मोठं, शिस्तबद्ध रूप आहे.

तरीही कुणी म्हणेल, काहीतरी सूक्ष्म फरक असेलच. यावर आपल्याच देशातला एक प्रसंग बोलका आहे. २०१५ साली मॅगी नूडल्सवरून देशभर वादळ उठलं. प्रकरण उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीहून सुरू झालं. मुख्य आरोप शिशाचा होता, पण दुसरा असा की वेष्टनावर 'एमएसजी घातलेलं नाही' असं छापलेलं असूनही तपासणीत ते सापडलं. कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही ते वेगळं घालत नाही, घटकांमधूनच ग्लुटामेट येतं. जूनमध्ये बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि पुन्हा तपासणी करायला सांगितली, त्यात शिसं मर्यादेत निघालं. ग्लुटामेटचा प्रश्न मात्र त्या गोंगाटात तसाच राहिला. मार्च २०१६ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आपल्या अधिकाऱ्यांना लेखी कळवलं की पदार्थातलं ग्लुटामेट बाहेरून घातलेलं आहे की मुळातलं, हे ठरवणारी तपासणीची पद्धत उपलब्ध नाही, म्हणून नुसतं ते सापडलं एवढ्यावरून कारवाई करू नका. वेष्टनावर 'नाही' असा दावा असेल तरच गोष्ट वेगळी. ज्या प्रयोगशाळांनी हे दोन पदार्थ वेगळे ओळखायचे, त्यांना ते ओळखता येत नाहीत, ही गोष्ट सरकारच्याच कागदावर आहे. वक्त्यांना मात्र ते हातात धरून ओळखता आले.

'एमएसजी घातलेलं नाही' या छापील ओळीबद्दल माझी तक्रार आहे. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं प्रथिन आम्लात तोडून त्याची पावडर मसाल्यात घातली, की त्या पावडरीत मुक्त ग्लुटामेट भरपूर असतं. क्षार वेगळा घातला नाही हे शब्दशः खरं ठरतं आणि गिऱ्हाईक फसतं. भीती जितकी वाढेल, तितकी ही ओळ जास्त विकली जाईल.

आता मेंदूकडे येऊ, कारण वक्त्यांच्या वाक्यातला सर्वांत घाबरवणारा शब्द तोच होता. ग्लुटामेट हा मेंदूतला निरोप पोहोचवणारा एक प्रमुख रेणू आहे, हे खरं. त्याचा अतिरेक झाला तर चेतापेशी मरतात, हेही खरं. १९६९ मध्ये अमेरिकन संशोधक जॉन ओल्नी यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पिल्लांना मोनोसोडियम ग्लुटामेट टोचलं आणि त्यांच्या मेंदूच्या तळाशी पेशी मेलेल्या आढळल्या. हे काम बनावट नाही आणि मी ते झटकून टाकणार नाही. मात्र ते कसं केलं होतं हे सांगितल्याशिवाय ते वापरणं योग्य नाही. मात्रा होती शरीराच्या दर किलोला अर्धा ते चार ग्रॅम, आणि ती कातडीखाली सुईने दिली होती. साठ किलोच्या माणसाला त्या हिशेबाने एका वेळी तीस ग्रॅम ते पाव किलोच्या आसपास टोचावं लागेल. पिल्लू आणि प्रौढ माणूस यांची तुलना अशी सरळ त्रैराशिकाने होत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्याहून महत्त्वाचा प्रश्न सुई आणि तोंड यांतल्या फरकाचा आहे.

तोंडावाटे आलेलं ग्लुटामेट आधी आतड्याच्या अस्तराला भेटतं, आणि त्या अस्तराच्या पेशींचं ते आवडतं इंधन आहे. अन्नातून आलेल्या ग्लुटामेटपैकी फार मोठा भाग त्या पेशी तिथेच जाळून टाकतात. आपण रोज डाळ-पोळी-दुधाच्या प्रथिनांतून दहा ते वीस ग्रॅम ग्लुटामेट खातो, आणि तरीही रक्तातलं प्रमाण अगदी थोडं राहतं, ते यामुळेच. जे थोडं रक्तात जातं त्याच्यासमोर मेंदूभोवतीचा अडसर असतो. मेंदू स्वतःला लागणारं ग्लुटामेट आतच तयार करतो. ओल्नींच्या पिल्लांत इजा झाली ती मेंदूच्या ज्या मोजक्या जागांवर हा अडसर विरळ असतो, तिथे. सुईने आतड्याचा पहिला पहारा टाळला होता आणि मात्रेने दुसरा ओलांडला होता. नूडल्सच्या प्लेटमध्ये यांतलं काहीच घडत नाही.

निसर्गाकडूनच एक उदाहरण द्यायचं तर आईचं दूध घ्या. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २० मिलिग्रॅम मुक्त ग्लुटामेट असतं, गायीच्या दुधाच्या दहापट वगैरे. पाच किलोचं बाळ दिवसाला पाऊण लिटर दूध प्यायलं तर त्याला वजनाच्या दर किलोला तीस मिलिग्रॅमच्या आसपास मुक्त ग्लुटामेट रोज मिळतं. आपल्याकडे एमएसजी असलेल्या वेष्टनावर बारा महिन्यांखालच्या बाळांसाठी नको अशी सूचना छापावी लागते. तान्ह्या बाळाला बाहेरचं काहीच वरून घालून देऊ नये, म्हणून मी त्या सूचनेच्या बाजूने आहे. पण मुक्त ग्लुटामेट हाच जर बाळाच्या मेंदूवर घाला असता, तर तो पहिला घोट आईच्या दुधात नसता.

मग डोकेदुखीची ही ख्याती आली कुठून? तिचा उगम एका पत्रात आहे. ४ एप्रिल १९६८ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या रॉबर्ट हो मान क्वोक या डॉक्टरांचं छोटं पत्र छापून आलं. चिनी हॉटेलात, विशेषतः उत्तर चिनी पद्धतीचं जेवण घेतलं की पंधरा-वीस मिनिटांत मानेमागे बधिरपणा येतो, तो हातांत आणि पाठीत उतरतो, अशक्तपणा आणि धडधड वाटते, दोनेक तासांत सगळं जातं, असं त्यांनी लिहिलं. कारण काय असावं यावर त्यांनी सोया सॉस, स्वयंपाकात वापरली जाणारी दारू, मीठ आणि मोनोसोडियम ग्लुटामेट अशा वेगवेगळ्या शक्यता मांडल्या आणि अभ्यासाची गरज सांगितली. एका माणसाचा अनुभव आणि एक प्रश्न, एवढंच ते पत्र होतं. त्याला 'चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम' हे शीर्षक मिळालं, आणि प्रश्नाचा निकाल शीर्षकानेच लावून टाकला. शक्यतांच्या त्या यादीतून लोकांनी एकच नाव उचललं. सोया सॉस सुटला, मीठ सुटलं, दारू सुटली. परक्यांच्या खानावळीबद्दल आधीच मनात असलेल्या संशयाने त्यात हात दिला, असं माझं ठाम मत आहे. तेच ग्लुटामेट अमेरिकेत डबाबंद सूपमध्ये घरोघरी जात होतं, त्या सूपच्या नावाने कुठला आजार निघाला नाही.

त्यानंतर अनेक तपासण्या झाल्या. त्यांतली मला सर्वांत प्रामाणिक वाटते ती २००० साली प्रसिद्ध झालेली, गेहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. आपल्याला एमएसजीने त्रास होतोच असं सांगणारी १३० माणसं त्यांनी घेतली. सकाळी रिकाम्या पोटी, तीव्र चवीच्या पेयातून, एकदा पाच ग्रॅम एमएसजी आणि एकदा नुसतं पेय, कुठलं कधी ते देणाऱ्यालाही माहीत नाही. पहिल्या फेरीत ५० जणांना फक्त एमएसजीने त्रास झाला, १७ जणांना फक्त नुसत्या पेयाने, १९ जणांना दोन्हींनी, बाकीच्यांना कशानेच नाही. ५० आणि १७ हा फरक लहान नाही, आणि तो लपवून ठेवणं मला मान्य नाही. पण मग त्याच माणसांना पुन्हा, वेगवेगळ्या मात्रांनी, आणि नंतर चवीचा सुगावा लागू नये म्हणून कॅप्सूलमधून तेच देण्यात आलं. प्रत्येक फेरीत गळती होत गेली. शेवटपर्यंत सातत्याने त्रास दाखवणारी माणसं दोन उरली. त्या दोघांना कॅप्सूल जेवणाबरोबर दिल्या तेव्हा त्यांचाही त्रास प्रत्येक वेळी तसाच राहिला नाही.

यावरून मी एवढंच म्हणते की उपाशी पोटी, अन्नाशिवाय, तीन ग्रॅमच्या वर एकदम घेतलं तर काही जणांना थोडा वेळ डोकं जड होणं, गरम वाटणं असं होऊ शकतं. तसं घेतल्यावर रक्तातलं ग्लुटामेट थोड्या काळासाठी वर जातं, आणि पिष्टमय जेवणाबरोबर घेतल्यावर ते फारसं चढत नाही, हेही मोजलेलं आहे. जेवणाच्या ताटात ही परिस्थिती येत नाही.

माझ्या बाजूचे म्हणवणारे लोक एक गोष्ट गाळतात, ती मी गाळणार नाही. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये घातलेल्या ग्लुटामेटसाठी रोजची मर्यादा ठरवली, वजनाच्या दर किलोला ३० मिलिग्रॅम. त्याआधी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त समितीने १९८७ मध्ये आकडा ठरवण्याची गरजच नाही असं म्हटलं होतं. युरोपचा आकडा आला तो उंदरांच्या एका अभ्यासातून. दर किलोला ३२०० मिलिग्रॅमपर्यंत ज्यात अपाय दिसला नाही, त्या मात्रेला खबरदारी म्हणून शंभराने भागलं. साठ किलोच्या माणसाला ही मर्यादा दिवसाला १.८ ग्रॅम येते. काही गटांत लोक तिच्यापलीकडे जातात, असंही त्या संस्थेने नोंदवलं. मी हा आकडा सावधगिरीचा मानते. हात सैल असलेल्या गाडीवर रोज जेवणाऱ्याने तो लक्षात ठेवावा. पण आईचं दूध पिणारं बाळ नेमकं याच आकड्याच्या आसपास आहे, हेही त्यासोबत लक्षात ठेवावं.

टोमॅटो आणि पुडी यांत खराखुरा फरक आहे, आणि तो वक्त्यांनी सांगितलाच नाही. टोमॅटोचा अतिरेक आंबटपणामुळे आणि पाण्यामुळे आपोआप थांबतो. तीन ग्रॅम ग्लुटामेटसाठी दीड-दोन किलो टोमॅटो एका बैठकीत खावे लागतील. पुडीतून तेवढं एका चमच्यात येतं. टोमॅटोबरोबर पोटॅशियम आणि तंतू येतात, गाडीवरच्या चिमटीबरोबर मैदा, चार-चारदा तापवलेलं तेल आणि सोया सॉस येतो. त्या सॉसच्या एका मोठ्या चमच्यात जवळजवळ ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. अर्धा ग्रॅम एमएसजीतलं सोडियम भरतं ६० मिलिग्रॅम, कारण त्यात सोडियम १२ टक्के, तर साध्या मिठात ३९ टक्के. रक्तदाबाच्या माणसाने ज्यांना भ्यायचं ते सॉस आणि मीठ प्लेटमध्ये तसेच राहतात, आणि 'अजिनोमोटो नको हं' असं बजावून तो निर्धास्तपणे जेवतो. मिठाचा काही भाग कमी करून त्या जागी चिमूटभर एमएसजी घातलं तर चव टिकते आणि एकूण सोडियम उतरतं, ही सोय त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, तुझं बरोबर असेल, पण माझं दुखतं ते खोटं नाही." ते खोटं नव्हतंच. म्हणून आम्ही घरीच तपासायचं ठरवलं. कधी श्वास लागला असता किंवा अंगावर गांधी उठल्या असत्या तर मी असलं काही घरी करू दिलं नसतं, तिला आधी दवाखान्यात नेलं असतं. तिचं तसं काही नव्हतं. औषधाच्या दुकानातून मी रिकाम्या कॅप्सूल आणल्या. निम्म्यांत अर्धा अर्धा ग्रॅम एमएसजी भरलं, निम्म्यांत पिठीसाखर. रात्री जेवताना तीन, म्हणजे दीड ग्रॅम, अशा आठ रात्री, मध्ये दोन-दोन दिवस सोडून. चार रात्री एमएसजीच्या आणि चार साखरेच्या. क्रम माझ्या यजमानांनी चिठ्ठ्या टाकून ठरवला आणि पाकिटात बंद केला. तो तिलाही ठाऊक नव्हता आणि मलाही नाही. तिने वहीत रोज लिहायचं होतं, डोकं दुखलं का, कधी, किती, शिवाय झोप किती झाली आणि जेवणं कधी झाली.

आठ रात्रींत तिचं डोकं तीनदा दुखलं. पाकीट उघडलं तेव्हा त्यांतल्या दोन रात्री साखरेच्या निघाल्या, एक एमएसजीची. आठ नोंदींवरून मी कुठला सिद्धांत मांडत नाही, एवढ्याशा आकड्यांत योगायोगाला भरपूर जागा असते. पण दर वेळी हमखास होणारा त्रास इतक्यातही दिसला असता. ती ते पान बराच वेळ बघत राहिली. मग तिनेच शेजारच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिन्ही दिवशी कचेरीच्या कामात दुपारचं जेवण चारनंतर झालं होतं, आणि तिन्हींच्या आदल्या रात्री झोप पाच तासांच्या आत होती.

ती वही घेऊन ती गेल्या सोमवारी मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेली.